ठरलेल्या गिअरवर ताशी २५ टिकवायचा तर केडन्स किती हवा? (हायब्रिड, ३८/१५)

पायगाडी
हायब्रिड सायकल आहे. पुढे ४८-३८-२८, मागे आठ गिअरची ११-३२ कॅसेट, टायर ७०० × ३५. सपाट रस्त्यावर ताशी २५ किमी धरून ठेवायचे आहेत, तेही पुढे मधली चकती आणि मागे सहावा गिअर न बदलता. मिनिटाला पायांचे फेरे किती पडायला हवेत? केडन्स सेन्सर नाही, साधा वायरवाला स्पीडोमीटर आहे. निमित्त २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल सवारी. "९० ठेवा" हे सगळीकडे वाचलंय, पण या गिअरवर ९० ठेवलं तर २५ पडतील की आणखी काही, हे कुणी सांगत नाही.

भटका_बंडू
९०च ठेवा हो. ८० ते ९०च्या खाली गेलात की गुडघे बोलायला लागतात. बाकी गणिताला अर्थ नाही, कारण समोरून वारा आला की तोच वेग टिकवायला केडन्स वाढवावा लागतो आणि वारा पाठीमागून असला की कमी पुरतो. हे वहीत कसं मांडणार?

गुणाकार
बंडू, अर्धं बरोबर आहे. वारा आला की काहीतरी वाढतं, पण ते केडन्स नव्हे. पॅडल आणि मागचं चाक यांच्यामध्ये साखळी आहे आणि साखळी दात्यांवरून घसरत नाही. म्हणजे गिअर ठरला की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाणार हेही ठरलं. मग वारा असो, चढ असो, कॅरियरवर तांदळाचं पोतं असो, त्या गिअरवर २५ म्हणजे केडन्सचा एकच आकडा. वाऱ्यात वाढतो तो पायावरचा जोर. तो झेपला नाही तर केडन्स आणि वेग दोन्ही एकाच प्रमाणात पडतात.

पायगाडी, तुमच्या प्रश्नाला तीनच गोष्टी लागतात: पुढचे दाते, मागचे दाते आणि मागच्या चाकाचा परीघ.

मागचे दाते आधी पक्के करा. शिफ्टरवरचा १ म्हणजे सगळ्यात मोठी चकती. ११-३२च्या नेहमीच्या आठ गिअरच्या कॅसेटमध्ये ३२-२८-२४-२१-१८-१५-१३-११ असा क्रम असतो, म्हणजे सहावा गिअर १५ दात्यांचा. तरी एकदा मोजा. एका दात्याला खडू लावा आणि तिथून सुरू करा. बऱ्याच चकत्यांवर आकडा कोरलेलाही असतो, काळं तेल पुसलं की दिसतो.

परीघ सध्या २.१५ मीटर धरतो. ३८ ला १५ ने भागलं की २.५३३, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक अडीचपेक्षा थोडं जास्त फिरतं. त्याला २.१५ ने गुणलं की ५.४५ मीटर. ताशी २५ किमी म्हणजे मिनिटाला ४१६.७ मीटर. भागाकार केला की ७६.५. आणि तुम्ही ९० ठेवलेत तर वेग २९.४ होईल. "९० ठेवा" या सल्ल्याने तुमची पंचाईत का होते ते यावरून कळेल.

शीटमध्ये टाकायचं असेल तर:

```
=25*1000/60/(2.15*38/15)
```

चिंचोका
परीघासाठी टेप कशाला? चाक ७०० मिमीचं आहे. ३.१४१६ ने गुणा, २.१९९ मीटर. झालं.

गुणाकार
चिंचोका, ७०० हे नुसतं नाव उरलंय, तुमच्या चाकावर कुठेही ७०० मिमी सापडणार नाही. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ असतो. टायरच्या बाजूवर ३५-६२२ असं छापलेलं असतं, तेच खरं माप. वर-खाली ३५-३५ धरले तर ६९२ व्यास, परीघ २.१७४. आणि माणूस बसला की टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी. ३५च्या टायरवर तुमचा आकडा साधारण दोन टक्क्यांनी चुकतो, ते चालून जाईल. पण हाच हिशेब २५च्या टायरला लावलात तर व्यास ६७२ आणि परीघ २.११ येतो, तिथे चूक चार टक्क्यांची. म्हणजे २५ च्या वेगावर एक किलोमीटर.

वंगण
मोजायची रीत सांगतो, कारण यातच लोक घाई करतात. हवा नेहमीएवढी भरा. पार्किंगमध्ये फरशीची सरळ फट बघून सायकल तिच्यावर उभी करा. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणा आणि जमिनीवर खडूची रेघ मारा. मग बसून पुढे सरका, एक हात भिंतीला किंवा दुसऱ्याच्या खांद्याला टेकवून. व्हॉल्व्ह दोनदा खाली आला की दुसरी रेघ. घरातला टेप बहुतेक पाच मीटरचा असतो, त्यामुळे दोनच फेरे घ्या, तीन मावत नाहीत. अंतर निम्मं केलं की परीघ.

नुसती ढकलून मोजली तर सहसा एखाद सेंटिमीटर जास्त येतो. नागमोडी गेलात तरी जास्तच येतो. दोन वेळा मोजून फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असला की सोडून द्या.

मधुरा_एस
माझा प्रश्न याच विषयातला आहे. जिममधल्या सायकलवर ९० केडन्सला ३० दाखवतं आणि रेझिस्टन्स वाढवला तरी ९० ला ३०च. बाहेर कुठल्या गिअरला हे जुळतं?

वंगण
कुठल्याच नाही. तिथे रस्त्यावर फिरणारं चाक नाही, कंपनीने केडन्सवरून वेगाचा आकडा ठरवून पडद्यावर टाकलेला असतो. तुमच्या मशीनवर तो सरळ केडन्सचा एक तृतीयांश असावा. जोर आणि हृदयाचे ठोके बघायला ती सायकल ठीक, वेगाचा आकडा विसरा.

भटका_बंडू
गुणाकार, साखळीचं पटलं. पण मग वाऱ्यात ७६ टिकवायचा कसा? मी म्हणतो तेच झालं ना शेवटी, की आकडा कागदावरच राहतो.

गुणाकार
झेपला नाही तर गिअर बदलायचा. समोरून वारा आला की दोन पर्याय असतात. एक म्हणजे त्याच गिअरवर ७६ आणि २५ धरून जास्त जोर लावणं. दुसरा, एक गिअर हलका करून ७६च ठेवणं आणि वेग सोडून देणं. ३८/१८ वर ७६.५ म्हणजे २०.८ किमी. दोन्हीच्या मधलं काही तुमच्या कॅसेटवर सहज मिळत नाही, आणि पायगाडींची खरी अडचण रस्त्यावर तिथेच येणार आहे. त्यावर नंतर येऊ.

पायगाडी
सगळ्यांचे आभार. मोजलं. दोन फेऱ्यांना ४.३० मीटर, म्हणजे परीघ बरोबर २.१५. मागचे दाते १५, पुढचे ३८, दोन्ही मोजून खात्री केली.

आता गंमत बघा. एका फेऱ्याला ५.४५ मीटर म्हणजे किलोमीटरला १८४ फेरे पडायला हवेत. स्पीडोमीटरवरचा एक किलोमीटर धरून उजव्या पायाचे फेरे मोजले. एकदाही पॅडल न थांबवता १८८ पडले. पुन्हा मोजले, पुन्हा १८८. चार फेरे कुठून आले?

वंगण
मध्येच पाय थांबला असेल कुठेतरी. उतारावर नकळत थांबतो.

गुणाकार
वंगण, पाय थांबला तर फेरे कमी पडतील. सायकल फुकट पुढे जाते ना! जास्त फेरे पडले म्हणजे एक तर दात्यांचा आकडा चुकला किंवा अंतराचा. दाते चुकले असते तर फरक मोठा आला असता. मागे १५ ऐवजी १६ असते तर १९६ पडले असते, पुढे ३८ ऐवजी ३६ असते तर १९४. १८८ नेहमी मिळणाऱ्या कुठल्याच दात्यांत बसत नाही. म्हणून संशय स्पीडोमीटरवर.

पायगाडी, त्यात चाकाचा परीघ किती भरलाय ते बघा. २०९६ असेल असं वाटतं.

पायगाडी
२०९६! कसं ओळखलंत?

गुणाकार
७०० × २३ च्या टायरला तक्त्यात हा आकडा असतो, आणि बऱ्याच मीटरमध्ये कंपनीकडूनच तो भरून येतो. तुमचं चाक प्रत्येक फेऱ्याला २१५० मिमी जातं आणि मीटर २०९६ मोजतो. म्हणजे मीटरवर एक किलोमीटर होईपर्यंत तुम्ही खरे १०२६ मीटर गेलेले असता. १०२६ ला ५.४५ ने भागा, १८८ येतात.

यातून दुसरी गोष्टही निघते. मीटरवर २५ दिसत होते तेव्हा तुम्ही खरे २५.६ ने जात होतात आणि केडन्स ७८ च्या वर होता. दम लागत असेल तर त्याचं थोडं कारण तिथेही आहे. २१५० भरून टाका. मात्र मीटरचं चुंबक पुढच्या चाकाला असेल तर पुढच्या चाकाचा परीघ वेगळा मोजून तो भरा. पुढे वजन कमी पडतं म्हणून दोन-चार मिमी जास्त येतो. केडन्सच्या हिशेबाला मात्र मागचंच चाक.

चिंचोका
हे किलोमीटरला फेरे मोजणं आवडलं. वेग कितीही असला तरी फेरे तेवढेच, त्यामुळे घड्याळच नको. पण मोजत बसण्यापेक्षा मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणतो. त्याने काम होतं की.

गुणाकार
रोजच्या वापराला होतं. ७६ म्हणजे पंधरा सेकंदांत १९. पण एक फेरा इकडेतिकडे झाला की चारने गुणल्यावर केडन्स चारने चुकतो, आणि या गिअरवर चार म्हणजे वेगात १.३ किमी. पायगाडींचा घोटाळा मिनिटाला दोन फेऱ्यांचा होता. पंधरा सेकंदांच्या मोजणीत तो कधीच सापडला नसता. तीस सेकंद मोजा, ३८ यायला हवेत. मीटर तपासायचा असेल तर पूर्ण किलोमीटर मोजा.

महामार्गावर २०० मीटरचे छोटे दगड असतात, त्यांच्यावरही तपासता येतं. तुमच्या गिअरवर दोन दगडांमध्ये पावणेसदतीस फेरे. पण एकाच जोडीवर विसंबू नका. रस्ता रुंद करताना, वळण काढताना दगड पुढेमागे झालेले असतात. पाच किलोमीटर घेतले तर बरं.

सोनटक्का
मध्येच माझं घुसवतो. एमटीबी आहे, २६ × १.९५, पुढे ४२-३४-२४, मागे सात गिअरचं १४-२८ फ्रीव्हील. माझे २५ फक्त ३-७ वरच पडतात. जरा हलका गिअर लावला की वेग २२ वर येतो. म्हणजे माझ्या सायकलला हे गणित लागू नाही, मला वेगासाठी जड गिअरच लागतो, असंच ना?

गुणाकार
उलट तुमचंच उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. २६ × १.९५ ला परीघ २.०५ च्या आसपास. ३-७ म्हणजे ४२/१४, म्हणजे बरोबर ३. त्यावर २५ ला केडन्स ६८. आता ३-६ लावा, ४२/१६. पाय ६८ वरच फिरत राहिले तर वेग २५ चे चौदा-सोळांश, म्हणजे २१.९. तुम्ही लिहिलेले २२ हेच ते! हलक्या गिअरने वेग पाडला नाही. पायांना ६८ ची सवय आहे आणि गिअर बदलला तरी ते ६८च मारतात. ३-६ वर २५ हवे तर ७७ लागतील.

जोराच्या भाषेत सांगायचं तर २५ च्या त्याच वेगाला, त्याच ताकदीला, ३-७ वर प्रत्येक फेऱ्यात पायावर १४ टक्के जास्त जोर पडतो. अर्ध्या तासात कळत नाही. शंभर किलोमीटरनंतर कळतं.

वंगण
सोनटक्का, ७७ वर एकदम जाऊ नका. ३-६ लावून पाच मिनिटं ७२, मग परत नेहमीसारखं, असं वाढवत न्या. सीटवर ढुंगण उडायला लागलं तर समजा पायांच्या मानाने केडन्स जास्त झाला किंवा सीट उंच आहे. दुसरं आधी तपासा. टाच पॅडलवर ठेवून पाय पूर्ण खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर तिरकी होता कामा नये.

भटका_बंडू
ठीक आहे, वाऱ्याबद्दलचं मागे घेतो. पण पायगाडींना २५ हवेतच कशाला? २०० ची बीआरएम साडेतेरा तासांत संपवायची असते. ताशी २० ने चालवली तरी दहा तास, वर साडेतीन तास चहा, पंक्चर आणि कंट्रोलवरचे शिक्के. २० ला ३८/१८ वर केडन्स किती ते काढा.

चिंचोका
काढला, ७३. आणि २० ला ३८/१५ वर राहिलात तर ६१. बरोबर?

गुणाकार
बरोबर. बंडूंचा हा मुद्दा पक्का आहे. २०० च्या बीआरएमला सपाटीवर २५ सक्तीचे नाहीत. ज्या मार्गावर घाट आहे तिथे मात्र चढावर ताशी ८-१० वर आलेला वेळ कुठेतरी भरून काढावा लागतो, तेव्हा सपाटीवरचे २५ उपयोगी पडतात. आणि एक लक्षात घ्या: २५ टिकवणं आणि २५ ची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिग्नल, गतिरोधक, गावातली गर्दी धरून २५ ची सरासरी हवी असेल तर मोकळ्या रस्त्यावर २७-२८ लागतात आणि ३८/१५ वर त्याला ८३ ते ८६ केडन्स. पुढे केडन्स सेन्सर घेतलात तर त्याच्या सेटिंगमध्ये सरासरीत शून्य धरायचे की नाही ते बघा. शून्य धरले तर उतारावर थांबलेले पाय सरासरी खाली ओढतात आणि ७६ वर चालवूनही मीटर ६५ दाखवतो.

पायगाडी
२१५० भरला. आता मीटरवरच्या किलोमीटरला १८४ फेरे पडले. २५ वर तीस सेकंदांत ३८.

मघाशी राहिलेला प्रश्न विचारतो. ३८/१५ वर ७६ जमतो, पण थोडा चढ किंवा वारा लागला की जड वाटतं. ३८/१८ लावला की पाय एकदम मोकळे सुटतात, २५ ला ९२ लागतात आणि ते मला जमत नाहीत. मधलं काही?

गुणाकार
१५ वरून थेट १८. वीस टक्क्यांची पायरी आहे ती, म्हणून पाय हवेत गेल्यासारखे वाटतात. मधला गिअर तुमच्या सायकलवर आहे, पण पुढच्या मोठ्या चकतीवर. ४८/२१ वर २५ ला ८५ केडन्स. शिफ्टरवर ३-४. साखळीही फार तिरकी होत नाही.

तुमच्या तिन्ही चकत्यांचा तक्ता करून हँडलजवळ चिकटवा. B1 मध्ये वेग, B2 मध्ये परीघ मीटरमध्ये, B4 पासून आडवे पुढचे दाते, A5 पासून उभे मागचे. B5 मध्ये हे टाका आणि उजवीकडे-खाली ओढा:

```
=ROUND($B$1*1000/60/($B$2*B$4/$A5),0)
```

परीघ २१५० असा मिलिमीटरमध्ये भरलात तर सगळे रकाने शून्य दाखवतील. घाबरू नका, २.१५ करा.

वंगण
४८/२१ कागदावर छान आहे. पण ३८/१५ वरून तिथे जायला पुढची चकती चढवायची आणि मागे दोन खटके द्यायचे, तेही चढ लागत असताना. जोर लावलेला असताना पुढची साखळी चढताना अडखळते, कधी उतरतेही. माझं मत, कॅसेटच बदला. ११-३० मध्ये ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३० असतात. ३८/१७ वर २५ ला ८७. मागे एकच खटका. साखळी झिजली नसेल तर तीच चालते, आणि मागचा डिरेलर ३२ घेतो म्हणजे ३० घेईलच.

गुणाकार
आणि घाटात २८/३२ गेला त्याचं काय? २८/३० वर ताशी ८ ला ६६ केडन्स लागतो, २८/३२ वर ७१. सामान लादलेलं असताना तेवढ्यानेही फरक पडतो. वंगण म्हणतात तसं पुढची चकती चढावर बदलू नये हे मान्य, पण त्याला उपाय आहे. वाऱ्याचा पट्टा सुरू होण्याआधीच, सपाटीवर, ४८ वर जाऊन बसायचं. मग ४८/१८ ला २५ वर ७३ आणि ४८/२१ ला ८५. मधली ३८ विसरूनच जा. वारा वाढला की मागे एकच खटका.

वंगण
म्हणजे २५ साठी ३८ सोडून ४८ वरच राहायचं. मग चढ खरंच वाढला की ४८/२४ च्या पुढे साखळी तिरकी होऊन कुरकुरणार, आणि तेव्हा ३८ वर उतरावंच लागणार. ऐन चढात.

पायगाडी
दोन्ही बाजू कळल्या. कॅसेट लगेच बदलत नाही. आधी ४८/१८ आणि ४८/२१ ची जोडी ५० किमीवर लावून बघतो, किलोमीटरचे फेरे ४८/१८ ला १७४ आणि ४८/२१ ला २०३ येतात का तेही तपासतो. चढावर कुठे ३८ वर उतरावं लागलं ते इथे लिहीन.

सोनटक्का
३-६ वर ७२ ने २३.३ पडले. अपेक्षित किती होते?

चिंचोका
२३.२. तुमचा मीटरही तपासा, पण घाई नाही.